दहा टिपा लागोपाठ बरोबर: एका वादाची पार्श्वभूमी

इंदूरच्या सराफ्यात दोन मित्रांचा वाद चालू आहे. क्रिकेटच्या एका टिपवाल्याचे दहा अंदाज ओळीने खरे ठरले. एकजण म्हणतो, "तुक्का दोनदा लागतो रे, दहादा नाही." दुसरा एवढंच विचारतो, "भाव काय होता?"

या शहराला सट्टा नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अफू आणि कापसावर तो खेळला जायचा. टिपवाल्यावरचा भरवसा मात्र अलीकडचा. 2013 मध्ये शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या गुंतवणूक सल्लागारांना नोंदणी सक्तीची झाली. पुढे इंदूरच्या कॉल सेंटरांतून देशभर फोन जाऊ लागले: "दोन दिवस फ्री ट्रायल घ्या, सर." नोंदणीत शिक्षण आणि भांडवल पाहिलं जायचं, अंदाज किती खरे ठरतात हे नाही. ग्राहकाला मात्र नोंदणी क्रमांक म्हणजे हुशारीचा दाखला वाटायचा. बाजार नियामक सेबीने नंतर इथल्या अनेकांवर कारवाई केली, पण तोवर पुष्कळांचे पैसे गेले होते.

ट्रायलमध्ये फसवणूक किती सोपी आहे पाहा. 1024 जणांपैकी निम्म्यांना 'शेअर वर जाईल' सांगायचं, निम्म्यांना 'खाली'. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना पुन्हा फोन करायचा नाही. उरलेल्या 512 जणांचे पुन्हा दोन भाग. दहाव्या फेरीनंतर एक माणूस उरतो. त्याच्यापुरता हा टिपवाला कधीच चुकलेला नसतो, आणि बाकीचे 1023 त्याला कधी भेटत नाहीत.

आपल्या मित्रांच्या टिपवाल्याने असं काही केल्याचा पुरावा नाही. त्याची गरजही नाही, कारण खरी मेख भावात आहे. दहाही वेळा त्याने 25 पैशांचा फेव्हरिट संघ सांगितला होता. म्हणजे 100 लावले तर जिंकल्यावर 25 सुटतात, हरल्यावर 100 जातात. असा भाव असलेला संघ साधारण 80 टक्के वेळा जिंकतो, असं बाजारच धरून चालतो. मग डोळे मिटून फेव्हरिट सांगणाऱ्यालाही दहाही बरोबर येण्याची शक्यता सुमारे 11 टक्के असते. नऊ-दहा टिपवाल्यांत एकाला हे नुसत्या नशिबाने जमेल. शिवाय एक हार चार विजयांची कमाई खाते.

"मग कौशल्य दिसणार कसं?" या पहिल्याच्या प्रश्नावर दुसऱ्याने अट घातली: टीप सामन्याआधी लिहून ठेवलेली हवी, भावासकट, आणि हरलेल्याही त्यात हव्यात. अशा 100 टिपांत 80 बरोबर येणं म्हणजे ना नफा ना तोटा. 84 आल्या तरी ते नशिबाने सहज घडतं. 90 च्या आसपास आल्या, तर मात्र लक्ष द्यावं लागेल. दहा टिपांवरून यातलं काहीच कळत नाही.

2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. टिपा मात्र मोबाइलवर अजून फिरतातच, आणि पहिला मित्र अकराव्या टिपेची वाट पाहतो आहे.