एकरकमी पैसे देणारी पॉलिसी : एका सर्जनच्या कल्पनेपासून व्याख्यांच्या पानांपर्यंत

ठरावीक गंभीर आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम देणाऱ्या क्रिटिकल इलनेस पॉलिसीची कल्पना विमा कंपनीच्या नव्हे, एका हृदयशल्यविशारदाच्या डोक्यातून आली. १९६७ साली केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं, त्या चमूत त्यांचे धाकटे भाऊ मारियस हेही होते. मारियस पुढे आपल्या एका रुग्णाची गोष्ट सांगत. घटस्फोटित, दोन मुलांना एकटीने वाढवणारी ही बाई. तिच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन यशस्वी झालं. दोन वर्षांनी ती परत आली ती पार खंगून. तिला विश्रांती परवडणारी नव्हती, त्यामुळे या काळात ती कामावर जात राहिली होती.

आजारपणात घर कसं चालवायचं, या प्रश्नाला उपचाराचा खर्च भरून देणाऱ्या पॉलिसीपाशी उत्तर नव्हतं. तिचं तत्त्वच असं, की जेवढं नुकसान तेवढीच भरपाई, आणि नुकसानीचा पुरावा म्हणजे बिल. हॉस्पिटल, औषधं, तपासण्या यांची बिलं असतात. बुडालेल्या पगाराचं किंवा थकलेल्या हप्त्याचं बिल कुठलं हॉस्पिटल देणार? १९८३ मध्ये क्रुसेडर लाइफ या दक्षिण आफ्रिकी कंपनीने मारियस बर्नार्ड यांच्या पाठपुराव्यातून वेगळी पॉलिसी बाजारात आणली. तिच्यात हार्ट अटॅक, कॅन्सर, पक्षाघात आणि बायपास या चारच गोष्टी होत्या. यांपैकी काही झालं की ठरलेली रक्कम एकदम हातात. तिचं काय करायचं, हे कोणी विचारायचं नाही.

पण बिल बाजूला सारलं की त्याच्यासोबत एक लगामही जातो. खर्चाच्या पॉलिसीत आजार किरकोळ असेल तर बिलही किरकोळ येतं, कंपनीला आजाराच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं. एकरकमी पॉलिसीत मात्र सगळा भार निदानाच्या शब्दांवर येतो. आजार पॉलिसीतल्या व्याख्येत बसला तर पूर्ण रक्कम, नाही बसला तर शून्य. या पॉलिसीचा पुढचा इतिहास माझ्या मते मुख्यतः व्याख्या घट्ट होत जाण्याचाच आहे, कारण वैद्यकशास्त्र जागचं हललं आणि छापील कागद तिथेच राहिला.

बायपासचंच घ्या. ब्लॉक फुग्याने उघडण्याची अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये सुरू झाली, पुढे स्टेंट आले, आणि पूर्वी छाती उघडावी लागायची अशा कित्येकांचं काम मनगटातून किंवा जांघेतून होऊ लागलं. रुग्णाच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी, पण पॉलिसीत ‘छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया’ असं लिहिलेलं असेल तर स्टेंट बसवलेल्याला काहीच मिळत नाही. काही कंपन्यांनी नंतर अँजिओप्लास्टीसाठी विमा रकमेचा थोडा हिस्सा देऊ केला.

हार्ट अटॅकबाबत उलटं घडलं. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी इतकी बारीक, की आधी निसटून जाणारे छोटे अटॅकही सापडू लागले. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानाची व्याख्याच तिच्याभोवती नव्याने बांधली. एका रात्रीत अटॅक ‘वाढले’, आणि विमा कंपन्यांच्या कागदांत ‘ठरावीक तीव्रतेचा’ अशी अट दिसू लागली. ब्रिटनमध्ये तर कंपनीगणिक वेगळ्या व्याख्यांचा घोळ कमी करण्यासाठी विमा कंपन्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये नमुना व्याख्या आणल्या होत्या, आणि त्याही वेळोवेळी बदलाव्या लागल्या.

कॅन्सरमध्ये ही रेघ सर्वांत जास्त टोचते. समजा, एका बाईकडे दोन्ही पॉलिसी आहेत आणि नेहमीच्या मॅमोग्राफीत तिच्या स्तनात काही सापडलं. बायोप्सीच्या अहवालात ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’ असं आलं, म्हणजे पेशी कॅन्सरच्या असल्या तरी त्या दुधाच्या नलिकेतच आहेत, आजूबाजूला शिरलेल्या नाहीत. ऑपरेशन झालं, रेडिएशनही झालं. खर्चाची पॉलिसी आपल्या अटींनुसार बिलं भरते. एकरकमी पॉलिसीत ‘इन सिटू’ सहसा वगळलेलं असतं किंवा थोडाच हिस्सा मिळतो. त्याच अहवालात ‘इन्व्हेसिव्ह’ हा शब्द असता तर, वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतरचा दावा न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, संपलेला असल्यास आणि निदानानंतरचा ठरलेला काळ, बहुधा ३० दिवस, ती हयात राहिल्यास पूर्ण रक्कम मिळाली असती. ही हयातीची अट मुळात आयुर्विम्याशी हद्द आखायला आली. काही दिवसांतच मृत्यू झाला तर ते काम आयुर्विम्याचं, असा तिचा हिशेब.

आणि रक्कम मिळाली तरी साध्या प्रकारच्या पॉलिसीत ती एकदाच मिळते, तिथे पॉलिसी संपते. हेच संरक्षण आयुर्विम्याला जोडलेला रायडर, म्हणजे पूरक विमा, म्हणून घेतलेलं असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही रायडरमध्ये ही रक्कम मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेतूनच आगाऊ दिली जाते, त्यामुळे घरच्यांसाठी तेवढी कमी उरते. तीन वर्षांनी तिचा कॅन्सर उलटला, तर पुन्हा बिलं घेऊन जायचं ते खर्चाच्या पॉलिसीकडेच, तीही तोवर दरवर्षी नूतनीकरण करून चालू ठेवलेली असेल तर.