चलनाच्या सोयीचे पैसे किती घ्यायचे?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला विचारा, ‘हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं?’ तो म्हणेल, सगळंच. ‘वर्षाला किती द्याल?’ असं विचारलं की घासाघीस सुरू होते. दोन्ही उत्तरं खरीच असतात, पण त्यांवरून दर ठरवता येत नाही. म्हणून कॉन्जॉइंट ॲनालिसिस या पद्धतीत किमतीबद्दल थेट प्रश्न नसतोच. पुढ्यात दोन-तीन तयार योजना ठेवतात आणि यांतली कोणती घ्याल एवढंच विचारतात.

समजा, एका योजनेत जीएसटी रिटर्न आणि मोबाइल ॲप आहे, दर ४,००० रुपये. दुसरीत ॲप नाही, पण जॉबवर्कचं चलन, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेल्या मालासोबतचा कागद, बनवायची सोय आहे, दर ६,००० रुपये. तिसरा पर्याय, ‘यांतलं काहीच नको’. हा तिसरा पर्याय विसरून चालत नाही, कारण इथला खरा प्रतिस्पर्धी बरेचदा दुसरं सॉफ्टवेअर नसून वही आणि कर सल्लागार ही जोडी असते. सोयी आणि दर यांची अदलाबदल करून असे दहा-बारा प्रश्न विचारले जातात. दरवेळी काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावं लागतं आणि त्या सोडण्यातूनच प्रत्येक सोयीचं वजन कळतं.

या कल्पनेचा गणिती पाया मानसशास्त्रज्ञ लूस आणि संख्याशास्त्रज्ञ ट्यूकी यांनी १९६४ मध्ये घातला. निवडींवरून वजनं काढण्याचं आज प्रचलित असलेलं सूत्र अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांचं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता एक काल्पनिक हिशेब करू. ३०० जणांना विचारलं, त्यांत २०० कापड दुकानदार आणि १०० यंत्रमागवाले. दर हजार रुपयांनी वाढला की योजनेची पसंती ०.२ ने घटते, असं निघालं. जॉबवर्क चलनाचं सरासरी वजन ०.३ आलं. ०.३ भागिले ०.२ म्हणजे दीड. थोडक्यात, ही सोय दीड हजाराची.

इथेच फसगत होते. सूत रंगायला जातं, बीम भरायला जातं, मागावर जातं. दरवेळी चलन फाडावं लागतं आणि जीएसटी कायद्याप्रमाणे कच्चा माल साधारणपणे वर्षाच्या आत परत आल्याचा हिशेब लागतो. म्हणून मागवाल्याच्या लेखी चलनाचं वजन ०.९ आहे, म्हणजे ४,५०० रुपये. दुकानदाराच्या लेखी शून्य. दोघांची सरासरी दीड हजार, आणि दीड हजार हा आकडा दोघांपैकी कुणाचाच नाही. सरसकट सर्वांच्या दरात तो घातला तर दुकानदार बिथरतात, मागवाल्यांकडून मिळू शकणारे पैसेही सुटतात. सरासरीत दडलेली अशी फूट दिसली तरच दोन वेगळ्या योजना काढण्यात अर्थ आहे; नाहीतर ‘सिल्व्हर’, ‘गोल्ड’ ही नुसती सजावट.

मग साधी योजना ४,००० ची ठेवली, तर चलनवाली ८,५०० ला विकावी का? ४,५०० चा अर्थ नीट पाहा. त्या फरकाला मागवाल्याच्या मनात दोन्ही योजनांचं पारडं समान होतं, म्हणजे विकत घेणाऱ्यांपैकी निम्मे स्वस्त योजनेकडे वळतात. चलनवाली ७,००० ला दिली तर तिची पसंती ०.३ ने वरचढ ठरते. मॅकफॅडन यांच्या सूत्रात हा फरक e या गणिती स्थिरांकाचा घात होऊन बसतो. e^0.3 म्हणजे सुमारे १.३५, म्हणजे साधी योजना घेणाऱ्या एकामागे मोठी घेणारे १.३५, त्यामुळे घेणाऱ्या शंभरांतले ५७ मोठी योजना निवडतात. याच हिशेबात ‘काहीच नको’ म्हणणारे किती वाढतात तेही धरून वेगवेगळे दर ताडून पाहायचे.

या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. प्रश्न फार झाले की माणूस कंटाळून न वाचताच टिकमार्क करत सुटतो. ते ओळखायला मध्येच एक सापळा ठेवतात: सोयी अगदी त्याच, दर मात्र जास्त. तो महाग पर्याय निवडणाऱ्याचा कागद शंकास्पद. शिवाय दोन प्रश्न हिशेबाबाहेर ठेवायचे आणि बाकीच्या उत्तरांवरून त्यांचा अंदाज बांधून पाहायचा. अंदाज चुकत असेल तर वजनंच कच्ची आहेत.

कागद भरतो कोण, हेही बघावं. दिवाणजीला चलन हवं असतं, चेक मालक फाडतो. दोघांची वजनं वेगळी निघतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक मागवाल्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे प्रश्नावली मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत असलेली बरी.

आणि कागदावर टिकमार्क करताना खिशातून रुपयाही जात नाही, म्हणून माणूस थोडा उदार होतो. ७,००० आणि ८,५०० यांतला निकाल लावायचा तर काही महिने नव्या ग्राहकांच्या एका गटाला एक दर, दुसऱ्याला दुसरा दर सांगून प्रत्यक्ष पावत्या मोजाव्या लागतात. अशोक चौकातले दोन शेजारी मात्र वेगवेगळ्या गटांत पडू देऊ नयेत. चहाच्या टपरीवर दोन्ही दर त्याच दिवशी फुटतील.