आधी रस्ता की आधी इमारत?

सोळा गुंठ्यांची एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. असे सोळा चौरस एका ओळीत मांडले की ३३ फूट रुंद आणि ५२८ फूट लांब जमीन होते. पुण्याच्या आसपासच्या गावांत अशा लांबट पट्ट्या पुष्कळ आढळतात, कारण वाटणी करताना प्रत्येक भावाला एका टोकाला वाट आणि दुसऱ्या टोकाला ओढा मिळावा म्हणून शेत लांबीतच चिरले गेले. शेतीला त्याची फारशी अडचण नव्हती. शहर तिथवर पोहोचले की मात्र पंचाईत होते: दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर मोकळी जागा सोडली, तर बांधायला जेमतेम चार मीटर रुंदी उरते.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘‘सर, शहर वाढते कसे हे कळण्यासाठी काय वाचू?’’ तेव्हा पुस्तकांची नावे सांगण्याआधी मी तिला कागदावर ही पट्टी काढून दाखवली. नगररचनेवरची पुस्तके बहुधा इमारतींच्या छायाचित्रांनी भरलेली असतात आणि त्यामुळे वाचकाचे लक्ष भलतीकडेच जाते. इमारत साठ-सत्तर वर्षांत पाडली जाते. रस्त्याची रेषा आणि भूखंडाची हद्द मात्र कित्येक शतके जागची हलत नाही. म्हणून जे पुस्तक हाती घ्याल, त्याला एकच प्रश्न विचारावा: ही रेषा कोणी आखली, आणि घरे येण्याआधी आखली की नंतर?

या प्रश्नाचा पहिला धडा एका स्थापत्य अभियंत्याकडूनच घ्यावा. इल्देफोन्स सेर्दा याने १८५९ मध्ये बार्सिलोनाच्या विस्ताराचा आराखडा केला आणि १८६७ मध्ये ‘नागरीकरणाचा सामान्य सिद्धांत’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज इंग्रजी भाषांतरात मिळणारा हा ग्रंथ अवाढव्य आहे आणि सलग वाचण्यासारखा नाही. पण आराखडा पाहिला की त्यामागचा विचार उलगडत जातो. तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या माळावर त्याने सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस आणि त्यांच्यामध्ये २० मीटर रुंदीचे रस्ते आखले, आणि वाहनांना वळता यावे म्हणून प्रत्येक चौरसाचे कोपरे छाटले. प्रत्येक चौरसाच्या दोनच बाजूंना इमारती असाव्यात आणि मधली जागा बाग म्हणून राहावी, असा त्याचा हेतू होता. जमीनमालकांनी तो धुडकावला, चारही बाजू बांधून काढल्या आणि बागेच्या जागीही बांधकामे केली. रस्ते मात्र त्याने आखले तसेच राहिले. नियोजनकाराच्या हातात काय असते आणि काय नसते, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके नियमांच्या पुस्तकांतून होत नाही.

यानंतर दोन पुस्तके जोडीने वाचावीत, कारण ती एकाच नकाशाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचे रस्ते १८११ च्या आराखड्याने ठरवले, आणि तेव्हा शहर बेटाच्या दक्षिण टोकालाच होते. श्लोमो एंजेल यांचे ‘प्लॅनेट ऑफ सिटीज’ (२०१२) या दूरदृष्टीचे कौतुक करते: शहर येणारच आहे, तेव्हा मोठ्या रस्त्यांची जागा आधी राखून ठेवा; एक-एक किलोमीटरवर रुंद रस्ता आखला तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे. जेन जेकब्ज यांचे ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ (१९६१) त्याच मॅनहॅटनमधल्या ८०० फुटी लांब गल्ल्यांबद्दल तक्रार करते. एवढ्या लांबीत कुठे वळताच येत नसल्याने शेजारच्या दोन गल्ल्यांतली माणसे एकमेकांच्या वाटेवर येत नाहीत, आणि मग दुकानांना पुरेसे गिऱ्हाईकही मिळत नाही.

दोघांत खरे कोण, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आकडेमोड करून पाहावे. एक चौरस किलोमीटर जमीन घ्या. दोन्ही दिशांनी दर २५० मीटरवर १८ मीटर रुंदीचा रस्ता आखला, तर रस्त्यांची लांबी ८ किलोमीटर होते आणि ते सुमारे १४ हेक्टर जमीन घेतात. दर १२५ मीटरवर ९ मीटरचा रस्ता आखला, तर लांबी १६ किलोमीटर होते आणि जमीन तेवढीच, सुमारे १४ हेक्टर लागते. चौक मात्र १६ चे ६४ होतात. म्हणजे तेवढ्याच जमिनीत पायी चालणाऱ्याला चौपट ठिकाणी वळता येते. उलट बसला दर १२५ मीटरवर थांबावे लागले तर तिचा वेग मरतो. त्यामुळे बारीक जाळ्याच्या वर रुंद रस्त्यांचे विरळ जाळे लागतेच. एंजेल किलोमीटरच्या मापाने बोलतात आणि जेकब्ज पावलांच्या. मापाचा हा फरक लक्षात आला की भांडण बरेचसे मिटते.

आता पुन्हा सोळा गुंठ्यांकडे येऊ. बार्सिलोनाचा माळ किंवा मॅनहॅटनचे रान आपल्याकडे नाही. इथे प्रत्येक रेषेखाली कोणाचा तरी सातबारा असतो. त्यावरचा उपाय मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात होता आणि तो महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही चालू राहिला. नगररचना योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या टीपी स्कीममध्ये, सगळ्यांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करतात, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढतात, आणि उरलेली जमीन प्रत्येकाला प्रमाणात पण नव्या आकारात परत देतात. समजा ४० टक्के जमीन कापली गेली. पट्टीच्या मालकाला ९.६ गुंठे परत मिळतील, पण ते साधारण ८७ फूट रुंद आणि १२० फूट खोल अशा आकारात आणि रस्त्याला लागून. क्षेत्र घटूनही ज्यावर खरोखर इमारत उभी राहते असा भूखंड त्याला मिळतो. किंमत वाढते, आणि त्या वाढीचा काही हिस्सा योजनेच्या खर्चासाठी वसूल करता येतो.

योजना रेंगाळते ती याच टप्प्यावर. ओढ्याकाठचा मालक आणि हमरस्त्यालगतचा मालक यांच्या जमिनीची किंमत सारखी नसते; नवा भूखंड कोणाला कुठे द्यायचा यावर हरकती येतात, त्यांची सुनावणी होते, लवाद नेमला जातो. यात वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात शेजारच्या पट्टीवर एखादा प्रकल्प उभा राहून रस्त्याची जागाच बुजते. मग प्रत्येक पट्टीला हमरस्त्यापासून आत जाणारा आपला बंद रस्ता असतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये भिंत. त्या विद्यार्थिनीने शहराच्या पूर्वेकडील अशा एका भागात टेपने मोजून पाहिले: खिडकीतून समोरासमोर दिसणाऱ्या दोन इमारतींत सरळ अंतर ६० मीटर, आणि चालत जायचे झाले तर ९०० मीटर, म्हणजे पंधरा पट. चौकोनी जाळ्यात एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत हे गुणोत्तर फार तर १.४ च्या आसपास जाते, कारण चौरसाच्या दोन बाजूंनी चालणे त्याच्या कर्णापेक्षा तेवढेच लांब असते. तिच्या मते भिंतीत एक फाटक ठेवले तरी काम झाले असते. माझ्या मते फाटकाला कुलूप लागायला आठवडाही लागला नसता.

टेप हाताशी नसेल तर पत्ता वाचावा. पुण्यातल्या प्रभात रस्त्याच्या किंवा शिवाजीनगरच्या, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याच्या, कित्येक पत्त्यांत आणि खरेदीखतांत अजून ‘एफ.पी. नं.’ असतो, एफ.पी. म्हणजे फायनल प्लॉट, टीपी स्कीममधून परत मिळालेला अंतिम भूखंड. तिथे रस्ता आधी आखला गेला. उपनगरातल्या नव्या इमारतीच्या फलकावर ‘स.नं.’, म्हणजे सर्व्हे नंबर, आणि त्यापुढे तिरप्या रेघांनी तोडलेले हिस्से असतील, तर तिथे बहुधा बांध आधी होता, मग इमारत आली आणि रस्ता राहिलेल्या जागेतून गेला. जितक्या रेघा जास्त, तितक्या वाटण्या जास्त आणि पट्टी तितकी अरुंद.