रीलसोबतचं पत्र: चालण्या-पळण्याच्या सायकल्स गेम स्टुडिओला पाठवताना

ज्युनिअर ॲनिमेटरचे अर्ज आमच्याकडे तपासायला येतात, तेव्हा बहुतेक पत्रं ‘लहानपणापासून गेम्सची आवड’ इथून सुरू होतात. ते वाक्य आम्ही आधी काढतो. ॲनिमेशन लीडला एवढंच कळायला हवं असतं, की ही सायकल इंजिनमध्ये टाकली तर चालेल का?

नुकतंच दुरुस्त केलेलं एक पत्र घ्या. मूळ मजकूर होता, ‘माझ्या रीलमध्ये वॉक आणि रन सायकल आहेत.’ आता तिथे असं आहे:

‘दोन्ही सायकल्स ३० एफपीएसवर, जागच्या जागी, हाताने की केलेल्या आहेत. वॉक ३० फ्रेम्सचा असून वेग सेकंदाला दीड मीटर आहे. रन २० फ्रेम्सचा असून वेग सेकंदाला साडेचार मीटर आहे. दोन्हींत पहिल्या फ्रेमला डावा पाय टेकतो. कॅरेक्टर आणि रिग माझे नाहीत.’

वेग का लिहायचा? जागच्या जागी केलेल्या सायकलमध्ये कॅरेक्टरला पुढे नेतं ते इंजिन. वरच्या वॉकमध्ये कॅरेक्टर दर फ्रेमला ५ सेंटिमीटर पुढे सरकतं. म्हणजे टेकलेला पाय उचलेपर्यंत दर फ्रेमला बरोबर तेवढाच मागे जायला हवा. मध्येच तो ३ किंवा ७ सेंटिमीटर गेला, तर पाय बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. रिकाम्या करड्या पार्श्वभूमीवर हे लपतं, चौकटीच्या फरशीवर लगेच पकडलं जातं. म्हणून रीलमध्ये फरशी ठेवाच, आणि शक्य असेल तर अनरिअल किंवा युनिटीमध्ये खेळवलेला तुकडा जोडा.

डाव्या पायाचा उल्लेखही उगाच नाही. वॉकमधून रनमध्ये जाताना इंजिन दोन्ही सायकल्स मिसळतं. एकीत डावा आणि दुसरीत उजवा पाय पुढे असेल, तर मधल्या वेगाला दोन्ही पाय अंगाखालीच घुटमळतात आणि पावलं आखूड पडतात. हा मुद्दा पत्रात दिसला की लीडला कळतं, उमेदवाराने सायकल नुसती रेंडर करून सोडलेली नाही.

लूपच्या सांध्याला झटका बसतो का, तेही पाठवण्याआधी पाहा. पहिली पोझ शेवटी पुन्हा ठेवावी लागते, पण लूप खेळताना ती दोनदा मोजली गेली तर एक फ्रेम अडखळते. सायकल दहा-बारा वेळा सलग फिरवली की डोळ्याला खुपतं.

नसलेलं काम झाकू नका. या उमेदवाराकडे थांबणं आणि वळणं नव्हतं. पत्रात सरळ लिहिलं, ‘स्टार्ट, स्टॉप आणि टर्न अजून केलेले नाहीत.’ लीड तसंही विचारतोच.

आमच्याकडे येताना रीलची लिंक, मूळ सीन फाइल आणि ज्या जागेसाठी अर्ज करताय तिची जाहिरात आणा. पत्र एका पानाच्या वर जाऊ देत नाही. रील मिनिटाभराची पुरे, आणि सर्वांत चांगली सायकल पहिली.