वरच्या पदाचे काम, खालच्या पदाचा पगार: फरकाच्या हक्काची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्हा परिषदेत किंवा तालुक्याच्या पंचायत समितीत ‘प्रभारी’ अधिकारी नवीन नाहीत. अधीक्षक निवृत्त होतात, पदोन्नतीचा प्रस्ताव रेंगाळतो आणि वरिष्ठ सहाय्यकाच्या हाती एक पानी आदेश पडतो: पुढील आदेशापर्यंत पदभार सांभाळावा. पुढील आदेश वर्षानुवर्षे येत नाही. सही अधीक्षकाची, जबाबदारी अधीक्षकाची, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांना उत्तर द्यायचे तेही त्यानेच. पगार मात्र सहाय्यकाचा. हा फरक मागता येतो का, याचे उत्तर गेल्या 35 वर्षांत बरेच बदलले आहे.

मुळात ही व्यवस्था इंग्रजी अमदानीतली. 1922 पासून लागू असलेल्या मूलभूत नियमांपैकी 49 वा नियम एका माणसाकडे दोन पदे असल्यास वेतन कसे द्यायचे ते सांगतो. महाराष्ट्रात तीच गोष्ट 1981 च्या नागरी सेवा (वेतन) नियमांतील नियम 56 मध्ये आली. केंद्राच्या नियमात एक फरक स्पष्ट आहे आणि बहुतेक वाद त्याच्याभोवतीच फिरतात. सक्षम अधिकाऱ्याने पदाचा पूर्ण कार्यभार रीतसर सोपवला, तर जादा वेतनाचा प्रश्न येतो. केवळ दैनंदिन कामकाज पाहायला सांगितले, तर कितीही दिवस पाहिले तरी जादा काही मिळत नाही.

1991 मध्ये गोव्यातील रमाकांत अडवलपालकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली. वरच्या पदाचे काम करायला सांगणे म्हणजे पदोन्नती नव्हे. अशा माणसाला त्या पदाचा पगार नाही, फक्त कार्यभार भत्ता मिळतो. पुढे कित्येक वर्षे फरकाचे अर्ज फेटाळताना कार्यालये याच निकालाचा आधार घेत राहिली.

1998 मध्ये चित्र पालटले. अंदमानातील सेल्वराज हे प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांना स्काउट सचिवाचे काम दिले होते. त्यांची पदोन्नती झालेली नाही हे न्यायालयाने मान्यच केले. पण जितके दिवस काम घेतले तितक्या दिवसांचा त्या पदाचा मोबदला द्या, असे सांगितले. म्हणजे प्रश्न पदोन्नतीचा न राहता केलेल्या कामाच्या दामाचा झाला. त्याच वर्षी चंदीगडच्या हरिओम शर्मा प्रकरणात दुसरी अडचण दूर झाली. तात्पुरत्या व्यवस्थेत जादा वेतन मागणार नाही, असे लिहून घेतलेले हमीपत्र न्यायालयाने करार कायद्याच्या कलम 23 खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवले. मला या साऱ्या निकालांत हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हाताखालचा माणूस साहेबापुढे असे हमीपत्र नाकारू शकत नाही. 2017 मध्ये पंजाब सरकार विरुद्ध धरम पाल या निकालात जुने निकाल पुन्हा तपासले गेले आणि आदेशात ‘जादा वेतन मिळणार नाही’ अशी अट असूनही कर्मचाऱ्याला वरच्या पदाचे वेतन मिळाले.

तरीही प्रत्येक प्रभारी जिंकत नाही. आदेश तोंडी असेल, तो सक्षम अधिकाऱ्याचा नसेल किंवा त्यात ‘दैनंदिन कामकाज’ असेच शब्द असतील, तर दावा लंगडा पडतो. म्हणून आदेशाची प्रत, कार्यभार घेतल्याचा अहवाल आणि त्या पदाचे अधिकार वापरून केलेल्या सह्यांच्या नकला जपाव्या लागतात.

दुसरे नुकसान उशिराने होते. समजा, एका वरिष्ठ सहाय्यकाकडे 1 जून 2020 पासून पूर्ण पदभार आहे आणि वेतनातला फरक महिन्याला 3,000 रुपये आहे. जुलै 2025 अखेर 62 महिन्यांचे 1,86,000 रुपये होतात. त्याने ऑगस्ट 2025 च्या सुरुवातीला याचिका केली, तर 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सहसा मागच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणजे 1,08,000 रुपये. उरलेले 78,000 वाट पाहण्यात गेले. नुसते लेखी अर्ज करत राहिल्याने ही मुदत वाढत नाही.

दाद कुठे मागायची हेही नोकरीवर ठरते. राज्य शासनाचा कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातो. जिल्हा परिषदेचा कर्मचारी त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही. त्याला उच्च न्यायालयातच जावे लागते. त्यासाठी ऑगस्ट 2025 पर्यंत कागदांची पिशवी घेऊन मुंबई गाठावी लागे. आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे या जिल्ह्यासह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचीही प्रकरणे येतात.