हीट पंप उष्णता बनवत नाही, उचलून आणतो

“एक युनिट विजेतून दोन युनिट उष्णता? फुकटची ऊर्जा कुठे असते का!”

फुकट काहीच नाही. इलेक्ट्रिक गाडीची केबिन गरम करणाऱ्या हीट पंपात जादा उष्णता बाहेरच्या हवेतून येते. वीज फक्त हमालीला लागते. बाहेर ५ अंश असले, तरी गाडीच्या समोरच्या कॉइलमधलं रेफ्रिजरंट, म्हणजे अगदी कमी तापमानालाही उकळणारं द्रव्य, त्याहून थंड असतं, म्हणून हवेतली उष्णता शोषून ते उकळतं. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून चांगली तापवतो आणि केबिनच्या बाजूला ती पुन्हा द्रव होताना उष्णता सोडते.

केबिनला ३ किलोवॉट हवेत, तर साधा हीटर बॅटरीतून ३ घेतो, पंप साधारण दीड. तासाभरात दीड युनिट वाचलं, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर! कडाक्याच्या थंडीत मात्र हा फायदा आटतो. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरला, तर तो वितळवण्यातही ऊर्जा जाते. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत जोडीला हीटरही ठेवतात.