पूर्ण भाराची टक्केवारी आणि चोवीस तासांचा हिशेब : रोहित्राच्या कार्यक्षमतेची पार्श्वभूमी

रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, कार्यक्षमता सांगताना पूर्ण भारावरची एकच टक्केवारी पुरेशी का नाही, हा प्रश्न रोहित्रे वापरात आल्यानंतर लगेचच उभा राहिला. मात्र त्याआधी व्होल्टेजचा प्रश्न सोडवावा लागला. गोलार्द आणि गिब्ज यांनी १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवलेल्या योजनेत सर्व रोहित्रांची प्राथमिक वेटोळी एकसर जोडणीत असत. त्यामुळे एका ठिकाणचे दिवे मालवले की इतर ठिकाणच्या दिव्यांचे व्होल्टेज हलत असे. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपेर्नोव्स्की, देरी आणि ब्लाथी यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे रोहित्र समांतर जोडणीत वापरण्याची पद्धत मांडली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

त्यानंतरही शून्य भारापासून पूर्ण भारापर्यंत जाताना दुय्यम बाजूचे व्होल्टेज थोडे उतरतेच, कारण वेटोळ्यांना रोध असतो आणि दोन्ही वेटोळ्यांना न जोडणाऱ्या गळतीच्या चुंबकीय प्रवाहामुळे प्रतिक्रिया-रोधही असतो. या उतरण्यालाच टक्केवारीत व्होल्टेज रेग्युलेशन म्हणतात. कार्बन तंतूच्या दिव्यांचे आयुष्य आणि उजेड हे दोन्ही व्होल्टेजवर फार अवलंबून असल्यामुळे त्या काळी हा आकडा कागदापुरता नव्हता.

समांतर जोडणीने मात्र एक नवा खर्च मागे लावला. प्राथमिक बाजू दिवसरात्र वाहिनीला जोडलेली राहते, म्हणून दिवा एकही लागलेला नसला तरी गाभ्यातील चुंबकत्व सतत उलटसुलट होत राहते आणि त्यात वाया जाणारी शक्ती, म्हणजे आयर्न लॉस, चालूच राहतो. वेटोळ्यांच्या रोधात उष्णतेच्या रूपाने जाणारी शक्ती, म्हणजे कॉपर लॉस, मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो : अर्ध्या भारावर तो पूर्ण भारावरच्या एक चतुर्थांश होतो, शून्य भारावर जवळजवळ नाहीसा होतो. इंग्लंडमध्ये स्विनबर्न यांनी १८९० च्या सुमारास उघड्या गाभ्याचे 'हेजहॉग' रोहित्र पुढे केले, ते लोखंड कमी करून हा सततचा व्यय घटवण्यासाठीच. पण उघड्या गाभ्याला चुंबकनाचा प्रवाह फार लागतो, त्यामुळे ती रचना टिकली नाही.

कमाल कार्यक्षमतेची अट याच दोन लॉसमधून निघते. भार पूर्ण भाराच्या x पट मानला, तर दिलेल्या प्रत्येक एकक शक्तीमागचा व्यय Pi/x + x·Pc या बेरजेनुसार बदलतो. येथे Pi हा आयर्न लॉस आणि Pc हा पूर्ण भारावरचा कॉपर लॉस. भार वाढतो तसे पहिले पद घटते व दुसरे वाढते, आणि पॉवर फॅक्टर तोच ठेवला तर दोन्ही समान झाल्यावर बेरीज सर्वांत कमी होते :

x² · Pc = Pi

केल्विन यांनी १८८१ मध्ये तारेच्या किफायतशीर जाडीबद्दल मांडलेल्या नियमातही हीच घडण दिसते.

आता १०० केव्हीएची दोन रोहित्रे घेऊ आणि पॉवर फॅक्टर १ धरू. पहिल्यात दोन्ही लॉस १,००० वॉटचे आहेत. दुसऱ्यात आयर्न लॉस ४०० आणि कॉपर लॉस १,६०० वॉट आहे. पूर्ण भारावर दोघांची कार्यक्षमता सारखीच, ९८.०४ टक्के, म्हणजे या आकड्यावरून निवड करता येत नाही. दिवसात ५ तास पूर्ण भार, ५ तास अर्धा भार आणि उरलेले १४ तास शून्य भार असेल, तर दोन्ही रोहित्रे ७५० युनिट देतात. पहिल्याचा आयर्न लॉस २४ आणि कॉपर लॉस ६.२५ युनिट, एकूण ३०.२५, दुसऱ्याचा ९.६ आणि १०, एकूण १९.६ युनिट. ऑल-डे कार्यक्षमता, म्हणजे चोवीस तासांत दिलेल्या ऊर्जेचे घेतलेल्या ऊर्जेशी प्रमाण, अनुक्रमे ९६.१२ आणि ९७.४५ टक्के येते. दुसऱ्याची कमाल कार्यक्षमता अर्ध्या भारावर बसते, पहिल्याची पूर्ण भारावर.

हा फायदा फुकट मिळत नाही. दुसऱ्याचा रोध-पात, म्हणजे वेटोळ्यांच्या रोधामुळे पूर्ण भारावर उतरणारे व्होल्टेज, १ ऐवजी १.६ टक्के आहे, म्हणून त्याचे व्होल्टेज अधिक उतरते. प्रतिक्रिया-रोधामुळे होणारा प्रतिक्रिया-पात दोघांचा ४ टक्के मानला, तर ०.८ लॅगिंग पॉवर फॅक्टरवर पहिल्याचे रेग्युलेशन सुमारे ३.२ आणि दुसऱ्याचे ३.७ टक्के येते. मोटारींच्या भारावर फरक तुलनेने लहान दिसतो, कारण तिथे प्रतिक्रिया-पातच मोठा वाटा उचलतो.

जुन्या रोहित्रांत आणखी एक दोष होता : साधे लोखंड काही महिने गरम राहिले की त्याचा हिस्टेरिसिस लॉस, म्हणजे चुंबकत्व उलटसुलट होताना लोखंडात जाणारी शक्ती, वाढत जाई, आणि दुय्यम बाजू मोकळी ठेवून केलेल्या ओपन सर्किट चाचणीत वॉटमीटर पूर्वीपेक्षा जास्त आकडा दाखवी. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅडफील्ड यांच्या सिलिकॉन पोलादाने लोखंडाचे हे 'जुने होत जाणे' थोपवले, आणि गॉस यांच्या १९३४ च्या पेटंटमधील कणदिशायुक्त पत्र्याने आयर्न लॉस आणखी घटवला. त्यामुळे आयर्न लॉस कमी करण्यासाठी तांब्याच्या बाजूने पूर्वीइतकी तडजोड करण्याची गरज उरली नाही.